घनफळ बदलणारा स्ट्रेस आणि यील्ड करणारा स्ट्रेस: एका नोडची फोड

प्रश्न: एफईएमध्ये जाड प्लेटच्या खाचेजवळ, पृष्ठभागापासून थोडं आत, एका नोडवर σx = 310, σy = 190, σz = 160, τxy = 60 MPa येतंय, बाकीचे शिअर शून्य आहेत. स्टीलची यील्ड 250 आहे. सगळ्यात मोठा प्रिन्सिपल स्ट्रेस 335 असूनही फॉन मिसेस फक्त 172 दाखवतो आणि सॉफ्टवेअर सेफ म्हणतं. हे कसं काय? हायड्रोस्टॅटिक आणि डेव्हिएटरिक भाग वेगळे केल्यावर नेमकं काय कळतं?

उत्तर:

आकडे बरोबर आहेत आणि त्या नोडवर स्टील खरोखरच यील्ड झालेलं नाही. पण त्या नोडवर धोका नाही, असं मात्र 172 या आकड्यावरून म्हणता येत नाही. ही दोन विधानं वेगळी का, ते फोड केल्याशिवाय दिसत नाही. म्हणून तुमचेच आकडे घेऊन ती करू.

आधी तिन्ही नॉर्मल स्ट्रेसची सरासरी काढा. (310 + 190 + 160) / 3 = 220 MPa. हा झाला हायड्रोस्टॅटिक भाग σm, म्हणजे तिन्ही दिशांना सारखीच 220 ची ओढ. आता प्रत्येक नॉर्मल स्ट्रेसमधून 220 वजा करा आणि शिअरला हात लावू नका. उरतं ते असं:

sx = 90, sy = −30, sz = −60, τxy = 60

हा डेव्हिएटरिक भाग. तिन्ही नॉर्मल घटकांची बेरीज शून्य आली पाहिजे आणि इथे ती येते. नाही आली तर पुढे जाऊच नका, वजाबाकी चुकली आहे. शिअरमधूनही सरासरी वजा करणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. सगळ्या दिशांना सारखा ताण किंवा दाब असेल तर कुठल्याही पातळीवर शिअर येतच नाही. त्यामुळे तुमचा 60 चा शिअर पूर्णपणे डेव्हिएटरिक भागाचाच आहे.

दुसरी चूक प्लेन स्ट्रेसमध्ये होते. पातळ पत्र्यात σx = 120, σy = 60 असेल तर बरेच जण दोनने भागून सरासरी 90 काढतात. तिथे σz शून्य असला तरी तो मोजायचाच असतो, म्हणून भागाकार तीननेच. सरासरी 60 येते आणि डेव्हिएटरिक घटक 60, 0, −60 होतात. पत्र्याच्या जाडीच्या दिशेला स्ट्रेस शून्य, पण डेव्हिएटरिक स्ट्रेस −60! पत्रा ओढताना पातळ का होतो, याचं कारण याच −60 मध्ये आहे.

आता घनफळाकडे येऊ. E = 200 GPa आणि ν = 0.3 धरलं तर बल्क मॉड्युलस K = E / 3(1 − 2ν) = 166.7 GPa आणि शिअर मॉड्युलस G = 76.9 GPa. घनफळातला सापेक्ष बदल फक्त हायड्रोस्टॅटिक भागावर ठरतो: 220 / 166700 = 0.00132, म्हणजे 0.132 टक्के वाढ. आकारातला बदल फक्त डेव्हिएटरिक भागावर ठरतो. प्रत्येक घटकाला 2G ने भागलं की x, y, z दिशांना 0.000585, −0.000195 आणि −0.000390 मिळतात. यांची बेरीज पुन्हा शून्य. एका बाजूला जेवढं लांबलं तेवढं बाकीच्या दोन बाजूंना आखडलं, घनफळ जिथल्या तिथे राहिलं.

पडताळून पाहायचं तर नेहमीचा हूकचा नियम लावा. εx = (310 − 0.3 × 350) / 200000 = 0.001025. तसंच εy = 0.000245 आणि εz = 0.000050. तिघांची बेरीज 0.00132, वर आली तीच. आणि 0.00132 चा तिसरा हिस्सा, 0.00044, डेव्हिएटरिक स्ट्रेनमध्ये मिळवला की हेच तीन आकडे परत मिळतात. σz = 160 सारखी चांगली ओढ असूनही त्या दिशेला स्ट्रेन जवळजवळ शून्य आहे, हे लक्षात ठेवा. जाड प्लेटमध्ये आजूबाजूचं कमी ताणलेलं स्टील या दिशेला आखडू देत नाही आणि त्या अडवणुकीतूनच हा 160 उभा राहिला आहे. तुमच्या नोडचा मोठा हायड्रोस्टॅटिक भाग असा तयार झाला.

शिअर स्ट्रेनच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. τ / G ने मिळतो तो γ, इथे 0.00078. स्ट्रेनच्या मॅट्रिक्समध्ये मात्र त्याच्या निम्मा, 0.00039 लिहायचा. बहुतेक सॉफ्टवेअर छापतात तो γ असतो. तो तसाच मॅट्रिक्समध्ये टाकला की डेव्हिएटरिक स्ट्रेन आणि त्यातून काढलेली ऊर्जा, दोन्ही फुगतात.

आता यील्डिंग. स्टीलमध्ये यील्ड होणं म्हणजे स्फटिकातल्या अणूंचे थर डिसलोकेशनच्या मदतीने एकमेकांवरून सरकणं. थर सरकायला त्या पातळीवर शिअर लागतो, आणि हायड्रोस्टॅटिक स्ट्रेस कुठल्याच पातळीवर शिअर देत नाही. म्हणून तो 220 असो की 2200, स्लिप सुरू करण्यात त्याचा वाटा जवळजवळ नाही. थर सरकल्याने घनफळही बदलत नाही, म्हणून प्लास्टिक विकृतीत पॉइसन गुणोत्तर 0.5 धरतात. पर्सी ब्रिजमन यांनी धातूंचे नमुने प्रचंड दाबाच्या द्रवात ठेवून ओढून पाहिले. दाबामुळे यील्ड फारसं हललं नाही, पण तुटण्याआधी नमुना कितीतरी जास्त लांबू लागला. या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग आपल्याला पुढे लागणार आहे.

याची एक सहज पटणारी बाजू समुद्रतळाशी दिसते. 11 किलोमीटर खोलीवर दाब साधारण 110 MPa असतो. तिथे स्टीलचा भरीव गोळा ठेवला तर त्याचं घनफळ 0.066 टक्के कमी होईल, बाकी काही नाही, आणि वर काढला की तो पूर्ववत होईल. तोच गोळा पोकळ असेल तर आतल्या भिंतीवर त्रिज्येच्या दिशेला स्ट्रेस शून्य आणि परिघाच्या दिशेला मोठा दाब असतो. तीन दिशा असमान झाल्या की डेव्हिएटरिक भाग आला आणि भिंत यील्ड होऊ शकते. दाब दोन्हीकडे तोच, फरक फक्त असमानतेचा.

डेव्हिएटरिक भाग एका आकड्यात मोजायचा तर J2 काढा:

J2 = ½ (90² + 30² + 60²) + 60² = 6300 + 3600 = 9900 MPa²

फॉन मिसेस = √(3 × 9900) = 172.3 MPa

3 हा गुणक का? साध्या टेन्साइल टेस्टमध्ये, जिथे एकच स्ट्रेस σ आहे, J2 = σ²/3 येतो. तिथे उत्तर σ च यावं म्हणून 3 ने गुणून वर्गमूळ घ्यायचं. त्यामुळे 172.3 ची तुलना टेन्साइल टेस्टच्या 250 शी थेट करता येते. 172.3 लहान आहे, म्हणून यील्ड नाही. ट्रेस्काचा निकष लावला तरी हेच निघतं. प्रिन्सिपल स्ट्रेस 334.9, 165.2 आणि 160 आहेत, मोठ्या-लहानातला फरक 174.9. दोन्ही निकष फरक मोजतात आणि सरासरीकडे बघत नाहीत. तिन्ही नॉर्मल स्ट्रेसमध्ये आणखी 100 मिळवून बघा: मोठा प्रिन्सिपल 435 होईल, पण 172.3 आणि 174.9 तसेच राहतील. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम तपासायची ही सगळ्यात चांगली कसोटी आहे.

```python
import numpy as np
S = np.array([[310., 60., 0.],
              [60., 190., 0.],
              [0., 0., 160.]])
sm = np.trace(S) / 3
s = S - sm * np.eye(3)
J2 = 0.5 * np.sum(s * s)
print(sm, round(np.sqrt(3 * J2), 2))   # 220.0  172.34
```

ऊर्जेच्या भाषेत हीच गोष्ट आणखी स्पष्ट होते. घनफळ बदलण्यात साठलेली ऊर्जा σm² / 2K, म्हणजे दर घनमीटरला 145 किलोज्यूल. आकार बदलण्यात साठलेली J2 / 2G, म्हणजे 64 किलोज्यूल. एकूण साठ्यापैकी जवळजवळ 70 टक्के ऊर्जा घनफळात अडकली आहे आणि यील्डच्या हिशेबात ती धरलीच जात नाही. 250 यील्डच्या स्टीलला टेन्साइल टेस्टमध्ये यील्ड होताना आकारबदलाची ऊर्जा 135 किलोज्यूल लागते. तुमच्या नोडवर ती त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. हुबर यांनी 1904 मध्ये आणि फॉन मिसेस यांनी 1913 मध्ये हा निकष मांडला. त्याचा हा ऊर्जेचा अर्थ हेन्की यांनी 1924 मध्ये स्पष्ट केला.

इथवर सॉफ्टवेअरचं बरोबर आहे. आता ज्या गोष्टीकडे ते तुमचं लक्ष वेधत नाही तिच्याकडे येऊ.

हायड्रोस्टॅटिक ओढ यील्ड करत नसली तरी तुटण्याच्या बाबतीत तिचा शब्द मोठा असतो. हायड्रोस्टॅटिक स्ट्रेस भागिले फॉन मिसेस याला ट्रायअ‍ॅक्सिअ‍ॅलिटी म्हणतात. साध्या टेन्साइल टेस्टमध्ये ती 0.33 असते. तुमच्या नोडवर ती 220 / 172.3 = 1.28 आहे, जवळपास चौपट. याचे दोन परिणाम होतात.

पहिला परिणाम तन्य तुटण्यावर. स्टीलमधल्या सल्फाइड, ऑक्साइडच्या कणांभोवती बारीक पोकळ्या तयार होतात आणि प्लास्टिक विकृतीबरोबर त्या फुगत जातात. राइस आणि ट्रेसी यांच्या 1969 च्या विश्लेषणानुसार फुगण्याचा वेग साधारण exp(1.5 × ट्रायअ‍ॅक्सिअ‍ॅलिटी) या प्रमाणात वाढतो. 1.28 ला हा आकडा 6.8 येतो, 0.33 ला 1.65. म्हणजे तेवढ्याच प्लास्टिक स्ट्रेनला तुमच्या ठिकाणी पोकळ्या चौपट वेगाने वाढतील. टेस्ट सर्टिफिकेटवर 23 टक्के इलाँगेशन लिहिलेलं असलं तरी ते 0.33 च्या परिस्थितीतलं आहे, खाचेच्या आत तेवढं मिळणार नाही. ब्रिजमन यांच्या प्रयोगात दाबाखाली नमुना जास्त लांबला, तो याच नियमाच्या उलट टोकाला: दाबाने पोकळ्या मिटवून ठेवल्या.

दुसरा परिणाम ठिसूळ तुटण्यावर, आणि तो जास्त चिंतेचा आहे. लोड सगळीकडे त्याच प्रमाणात वाढवत नेला तर तुमचा नोड 250 / 172.3 = 1.45 पटीला यील्ड होईल. तेव्हा मोठा प्रिन्सिपल स्ट्रेस 486 MPa असेल. टेन्साइल टेस्टमध्ये यील्ड होताना तो 250 असतो. स्फटिक चिरून तुटण्याची क्रिया, म्हणजे क्लीव्हेज, मुख्यतः या मोठ्या प्रिन्सिपल स्ट्रेसवर चालते. थंडीत स्टीलची यील्ड वाढते, क्लीव्हेजला लागणारा स्ट्रेस मात्र फारसा बदलत नाही. यील्ड होऊन स्ट्रेस सैल पडण्याआधीच क्लीव्हेजची पातळी गाठली गेली तर प्लेट कडकन तुटते, तीही वाकल्याची खूण न ठेवता. जानेवारी 1943 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला धक्क्याला बांधलेलं, शांत पाण्यातलं स्केनेक्टडी हे नवं टँकर जहाज असंच दोन तुकड्यांत तुटलं होतं. सदोष वेल्ड, थंडीत ठिसूळ होणारं स्टील आणि एकसंध वेल्ड केलेला सांगाडा, असं सगळं त्यात जमून आलं होतं.

म्हणून तुमच्या नोडसाठी प्रश्न असे विचारा: पार्ट किती कमी तापमानाला चालणार आहे, त्या तापमानाला शार्पी किती आहे, आणि त्या जागी वेल्ड किंवा चीर असण्याची शक्यता आहे का? पार्ट तिशी-चाळिशीच्या तापमानात चालणार असेल आणि स्टील स्वच्छ असेल तर या नोडची मला फारशी काळजी वाटणार नाही. उणे 20 ला चालणाऱ्या जाड प्लेटवर मात्र फक्त फॉन मिसेस बघून सही करू नये, फ्रॅक्चर मेकॅनिक्सची तपासणी वेगळी करावी.

शेजारचा पृष्ठभागही बघा. खाचेच्या मोकळ्या पृष्ठभागावर पृष्ठभागाला काटकोनातला स्ट्रेस शून्यच असतो. समजा तिथे स्पर्शरेषेच्या दिशेला 380 आहे आणि जाडीच्या दिशेला अडवणुकीमुळे 0.3 × 380 = 114. सरासरी 165, फॉन मिसेस 338, ट्रायअ‍ॅक्सिअ‍ॅलिटी फक्त 0.49. म्हणजे आतला नोड सेफ दाखवत असताना पृष्ठभाग कधीच यील्ड झालेला असू शकतो. तसं असेल तर तुमचं लिनिअर विश्लेषण तिथे संपलं. प्लास्टिसिटी घेऊन पुन्हा चालवा. मग दिसेल की पृष्ठभागाचा स्ट्रेस यील्डपाशी अडकला आणि मोठ्या प्रिन्सिपल स्ट्रेसचं शिखर आत सरकलं, जिथे ट्रायअ‍ॅक्सिअ‍ॅलिटी आधीच जास्त आहे. खाचेतला तन्य तडा पुष्कळदा पृष्ठभागाखाली सुरू होतो, त्याचं कारण हे.

प्लास्टिसिटी चालवताना हायड्रोस्टॅटिक भाग आणखी एक त्रास देतो. प्लास्टिक विकृतीत घनफळ बदलत नाही, ही अट काही एलिमेंटना झेपत नाही. साधे चार नोडचे टेट्रा एलिमेंट, किंवा पूर्ण इंटिग्रेशनचे काही एलिमेंट, यामुळे खोटे ताठर होतात. ओळखायची खूण अशी: फॉन मिसेसचं चित्र गुळगुळीत, पण हायड्रोस्टॅटिक दाबाचं चित्र बुद्धिबळाच्या पटासारखं, एका एलिमेंटमध्ये मोठा धन आकडा तर शेजारी ऋण. फक्त फॉन मिसेस बघणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, कारण चूक नेमकी त्याने वजा केलेल्या भागात बसलेली असते. अशा मॉडेलमधला ट्रायअ‍ॅक्सिअ‍ॅलिटीचा आकडा वापरू नका. रिड्यूस्ड इंटिग्रेशनचे, बी-बार किंवा हायब्रिड एलिमेंट घ्या आणि पुन्हा बघा. चिन्हाकडेही लक्ष असू द्या: अबॅकसमध्ये `PRESS` दाबाला धन असतो, म्हणून तुमच्या नोडवर तो −220 दिसेल, आणि `TRIAX` +1.28.

वरचं सगळं तन्य, सर्व दिशांना सारखे गुण असलेल्या धातूंसाठी आहे. काँक्रीट, खडक, माती यांत घर्षण असतं, त्यामुळे हायड्रोस्टॅटिक दाब वाढला की यील्डची मर्यादाच वर जाते. रिचर्ट आणि सहकाऱ्यांच्या 1928 च्या प्रयोगांत काँक्रीटच्या बाजूने 1 MPa दाब दिला की ताकद साधारण 4.1 MPa वाढली. स्पायरल रिंगांच्या कॉलमचा फायदा त्यातूनच येतो. घट्ट बसलेल्या वाळूत तर उलटीही गोष्ट घडते: नुसत्या शिअरनेच तिचं घनफळ वाढतं. अशा पदार्थांना ड्रकर-प्रागर किंवा मोर-कूलॉम्ब असे निकष लागतात, ज्यांत J2 सोबत सरासरी स्ट्रेसही येतो. फायबर कंपोझिटमध्ये तर फोडीचा पहिला फायदाच जातो, कारण तिथे सगळीकडून सारखा दाब दिला तरी आकार बदलतो.

तुमचा हाच पार्ट ग्रे कास्ट आयर्नच्या FG 200 ग्रेडमध्ये ओतला असता, तर त्याची टेन्साइल स्ट्रेंग्थ 200 MPa धरून फॉन मिसेस 172 हा निकष पुन्हा सेफच म्हणाला असता. पण मोठा प्रिन्सिपल 335 आहे. ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या टोकांशी तडे सुरू व्हायला तोच पुरेसा आहे, आणि हा लोड पूर्ण चढण्याआधीच, साधारण 60 टक्क्यांना, पार्ट तुटला असता.